पत्त्यात नवी मुंबई, आरटीओ मात्र पनवेलचं : खारघरच्या एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण साताऱ्याहून बदली होऊन खारघरला राहायला आलेल्या एका जोडप्याचं आहे. नावं मुद्दाम दिलेली नाहीत, पण घटनाक्रम जसा घडला तसाच ठेवला आहे. आमच्या सोसायटीच्या कार्यालयात भाडेकरूंची कागदपत्रं पाहण्याचं काम माझ्याकडे असल्यामुळे हे सगळं मला जवळून पाहायला मिळालं, आणि यातल्या एक-दोन टप्प्यांवर माझं मतही विचारलं गेलं.

गृहस्थ एकेचाळीस वर्षांचे. त्यांच्याकडे तीन कामं साठली होती. पहिलं म्हणजे त्यांची २०२१ साली साताऱ्यात घेतलेली स्कूटर. नंबर एमएच-११, आरसीवर पत्ता साताऱ्याचा. दुसरं म्हणजे त्यांचं स्वतःचं लायसन्स. तेही साताऱ्याचं, वीस वर्षांपूर्वी काढलेलं आणि आता मुदत संपायला आलेलं. तिसरं काम त्यांच्या पत्नीचं. त्यांना गाडी शिकायची होती, म्हणजे लर्निंग लायसन्सपासून सुरुवात.

तिन्ही कामं एकाच कार्यालयात, एकाच सुट्टीत उरकावीत असा त्यांचा बेत होता. साताऱ्यात त्यांना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. सातारा शहरात राहणाऱ्या माणसाचं आरटीओ सातारा, एवढं पुरतं. फार तर कराडकडच्या गाड्यांना एमएच-५० नंबर मिळतो हे रस्त्यावर पाहून माहीत असतं.

अडचण कुठे आली

त्यांच्या भाडेकरारावर, कुरिअरच्या पाकिटांवर, ऑफिसच्या नोंदीत, सगळीकडे पत्ता एकाच धर्तीचा होता: इमारत, सेक्टर, खारघर, नवी मुंबई. त्यामुळे आपलं आरटीओ नवी मुंबईचं, म्हणजे एमएच-४३, हे त्यांनी गृहीत धरलं. स्कूटरच्या पत्ताबदलाचा अर्ज, म्हणजे नमुना ३३, त्यांनी डाउनलोड केला, वरती नोंदणी प्राधिकारी म्हणून नवी मुंबईचं नाव लिहिलं, विमा आणि पीयूसीच्या प्रती जोडल्या आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून नवी मुंबईच्या कार्यालयात गेले.

खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने भाडेकराराचं पहिलं पान पाहिलं आणि विचारलं, "साहेब, तालुका पनवेल लिहिलाय ना इथे? मग पनवेल आरटीओला जा." त्यात चूक काही नव्हती. करारात मालमत्तेचं वर्णन करताना खरोखरच "मौजे खारघर, तालुका पनवेल, जिल्हा रायगड" असं लिहिलेलं होतं. पण हे वर्णन भाडेकरू वाचत नाही. तो भाडं, अनामत आणि मुदत वाचतो.

रजा वाया गेली, पण पैसे वाचले, कारण त्यांनी ऑनलाइन शुल्क भरलेलं नव्हतं. आधी विचारू, मग भरू, हा त्यांचा जुना स्वभाव इथे उपयोगी पडला. ऑनलाइन अर्जात एकदा कार्यालय निवडून शुल्क भरलं की तो अर्ज त्या कार्यालयाच्या नावावर बसतो. चुकीच्या कार्यालयात भरलेली रक्कम आपोआप बरोबर कार्यालयात जात नाही. म्हणून कार्यालय कोणतं हा प्रश्न शुल्काच्या आधी सोडवायचा असतो.

त्याच संध्याकाळी दुसरी अडचण उघडी पडली. पत्नीने सारथी संकेतस्थळावर लर्निंग लायसन्सचा अर्ज आधार पडताळणीच्या मार्गाने भरायला घेतला. घरबसल्या परीक्षा देता येते म्हणून तो मार्ग सोयीचा. पण अर्जात पत्ता आपोआप आला तो साताऱ्याचा, कारण आधारवर अजून सासरचा जुना पत्ता होता. म्हणजे एकाच घरातले दोघे, एका कामासाठी चुकून नवी मुंबईच्या कार्यालयाकडे निघालेले आणि दुसऱ्या कामासाठी थेट साताऱ्याकडे.

हद्द नक्की कशाने ठरते

हा गोंधळ त्यांचा एकट्याचा नाही. खारघरला राहणाऱ्या माणसाच्या डोक्यावर बऱ्याच सरकारी हद्दी एकमेकींवर पसरलेल्या आहेत, आणि प्रत्येक खात्याने आपली रेघ आपल्या सोयीने ओढली आहे.

सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि तिने नवी मुंबई म्हणून जो प्रदेश विकसित केला तो ठाणे, पनवेल आणि उरण या तिन्ही तालुक्यांत पसरलेला होता. त्यामुळे नियोजनाच्या भाषेत खारघर नवी मुंबईतच आहे आणि लोक म्हणतात ते खोटं नाही. पण १९९२ साली नवी मुंबई महानगरपालिका झाली तेव्हा तिच्या हद्दीत ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा, म्हणजे ठाणे जिल्ह्यातला भाग आला. खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेल रायगड जिल्ह्यात राहिले आणि २०१६ साली पनवेल महानगरपालिकेत गेले. पोलिसांची हद्द मात्र पुन्हा वेगळी. खारघर पोलीस ठाणं नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाखाली येतं. लोकसभेला तर इथले लोक मावळ मतदारसंघात मतदान करतात. तो धागा पकडून कोणी गेला तर थेट पिंपरी-चिंचवडच्या आरटीओत पोहोचेल, कारण मावळ तालुक्याच्या गाड्या एमएच-१४ मध्ये नोंदवल्या जातात.

आरटीओच्या हद्दी जिल्हा, तालुका आणि मोठ्या शहरांत महानगरपालिकेच्या किंवा उपनगरांच्या सीमांवर आखलेल्या असतात. पोलीस आयुक्तालय, लोकसभा मतदारसंघ किंवा टपालाच्या पत्त्यातलं शहराचं नाव यांचा त्यांच्याशी संबंध नाही. त्यामुळे खारघरसाठी उत्तर पनवेल, एमएच-४६. एकाच लोकलमार्गावर, आधीचं स्थानक असलेलं बेलापूर मात्र एमएच-४३ मध्ये.

पिनकोड इथे बरीच मदत करतो. नवी मुंबई महापालिकेच्या भागातले पिनकोड ४०० ने सुरू होतात, जसं वाशी ४००७०३, नेरूळ ४००७०६, बेलापूर ४००६१४. खारघरचा आहे ४१०२१०. पहिले तीन आकडेच वेगळे असल्यामुळे इथे काहीतरी निराळं आहे हे चटकन कळतं. पण पिनकोडवर पूर्ण विसंबूनही चालत नाही. ४१० ने सुरू होणाऱ्या पिनकोडांमध्ये रायगडमधलं कर्जत येतं आणि पुणे जिल्ह्यातलं लोणावळाही येतं. टपाल खात्याने हे आकडे पत्रं वाटण्यासाठी पाडले आहेत, गाड्या नोंदवण्यासाठी नाही. सारथीवर पिनकोड टाकला की संबंधित कार्यालयाचं नाव येतं, तेव्हा ते बहुतेक वेळा बरोबर असतं. तरी हद्दीवरच्या गावात राहणाऱ्याने तालुका ताडून पाहावा.

दुसऱ्या शहरांतही असाच प्रकार असतो, फक्त त्याचं रूप वेगळं. बदलापूर ठाणे जिल्ह्यात आहे म्हणून कोणी ठाण्याच्या आरटीओत गेला तर चुकेल, ते कल्याणकडे, एमएच-०५ मध्ये येतं. मुंबईत एमएच-०३ चं कार्यालय वडाळ्याला आहे, पण ते सांभाळतं घाटकोपर-मुलुंडसारखी पूर्व उपनगरं. कार्यालयाची इमारत कुठे आहे यावरून त्याची हद्द कळत नाही. पुणे जिल्ह्यात पुणे, पिंपरी-चिंचवड आणि बारामती अशी निरनिराळी कार्यालयं आहेत, नागपुरात शहराची दोन आणि ग्रामीणचं एक. "अमुक जिल्ह्यात राहतो" एवढ्याने महाराष्ट्रातल्या मोठ्या जिल्ह्यांत काहीच ठरत नाही.

प्रत्येक कामाला हद्द लागू होते का

इथे गृहस्थांनी एक चांगला प्रश्न विचारला. त्यांच्या ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं होतं की आता राज्यातलं कुठलंही आरटीओ चालतं. मग खिडकीवरून परत का पाठवलं?

ऑफिसातल्या माणसाचं म्हणणं अर्धं खरं होतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. त्याआधी नवीन गाडीची नोंदणी, लर्निंग लायसन्स आणि पक्कं लायसन्स या तिन्हींसाठी आपण राहतो किंवा व्यवसाय करतो त्या भागाच्या प्राधिकाऱ्याकडेच जावं लागे. दुरुस्तीनंतर या तिन्ही ठिकाणी "राज्यातला कोणताही प्राधिकारी" असे शब्द आले. लायसन्सच्या नूतनीकरणाचा अर्ज तर कायद्यानुसार कुठल्याही परवाना प्राधिकाऱ्याकडे करता येतो.

पण जुन्या गाडीचा पत्ता बदलणं हे त्यात येत नाही. त्यासाठी कलम ४९ आहे आणि त्याची भाषा स्पष्ट आहे. मालक आरसीवरच्या पत्त्यावर राहत नसेल तर तीस दिवसांच्या आत नवा पत्ता कळवायचा. कोणाला? नवा पत्ता त्याच कार्यालयाच्या हद्दीत असेल तर त्याच कार्यालयाला, दुसऱ्याच्या हद्दीत असेल तर त्या दुसऱ्याला. जुनी गाडी विकत घेणाऱ्यालाही असंच. कलम ५० प्रमाणे खरेदीदाराने मालकीबदल नोंदवायचा तो आपण राहतो किंवा गाडी नेहमी ठेवतो त्या भागाच्या प्राधिकाऱ्याकडे.

म्हणजे "माझं आरटीओ कोणतं" या एका प्रश्नाला कामागणिक वेगळं उत्तर आहे. या जोडप्याच्या तीन कामांपैकी स्कूटरसाठी पनवेल हेच एकमेव ठिकाण होतं. नवऱ्याच्या लायसन्ससाठी आणि बायकोच्या लर्निंगसाठी कायद्याने निवड मोकळी होती, पण त्या निवडीचे परिणाम होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय त्यांच्या मेव्हण्यांनी सुचवला. साताऱ्याचा पत्ता आहेच, तिथे घर आहे, आईवडील आहेत. सगळं साताऱ्यालाच ठेवा, दिवाळीला गेलात की करून टाका. वरवर हा सोपा मार्ग वाटतो आणि बदलीच्या नोकरीतली पुष्कळ माणसं तोच धरतात. स्कूटरच्या बाबतीत तो कायद्यात बसत नव्हता, कारण ती आता खारघरला उभी होती आणि मालकही तिथेच राहत होता. पत्नीच्या लर्निंगच्या बाबतीत बसला असता, पण व्यवहारात अवघड होता. लर्निंग मिळाल्यावर किमान तीस दिवस थांबून, सहा महिन्यांची मुदत संपायच्या आत, पक्क्या लायसन्सची चाचणी मैदानावर गाडी चालवून द्यायची असते. सराव खारघरच्या रस्त्यावर आणि चाचणी साताऱ्याच्या मैदानावर, तीही ज्या दिवशी वेळ मिळेल त्या दिवशी. शिवाय पुढचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. महाराष्ट्रात लायसन्सचं कार्ड टपालाने नोंदलेल्या पत्त्यावर येतं. पत्ता साताऱ्याचा तर कार्ड साताऱ्याला.

दुसरा पर्याय एजंटाचा. तो म्हणाला, कागद द्या, कुठलं आरटीओ ते मी बघतो. गृहस्थ जवळजवळ तयार झाले होते. मी त्यांना एवढंच म्हटलं की कुठलं कार्यालय हे त्याने आत्ता सांगितलं तर द्या. त्याने "दोन्हीकडे आपली माणसं आहेत" असं उत्तर दिलं आणि विषय तिथेच संपला.

तिसरा पर्याय म्हणजे आधार आधी दुरुस्त करून मग सगळं पनवेलला करणं. यात वेळ जाणार होता, कारण भाडेकराराच्या आधारावर आधारचा पत्ता बदलून येईपर्यंत थांबावं लागतं.

चौथा पर्याय आधार पडताळणी न करता अर्ज भरण्याचा. त्यात सध्याचा पत्ता हाताने भरता येतो, पण पुराव्याचे कागद घेऊन कार्यालयात जावं लागतं आणि लर्निंगची परीक्षाही तिथेच द्यावी लागते. शिवाय नियमात पत्त्याच्या पुराव्याची ठरावीक यादी आहे. भाडेकरार मान्य होतो की सोबत आणखी काही मागतात, हे खिडकीवर ठरणार होतं.

निर्णय कसा झाला

निर्णय घेण्याआधी त्यांनी पनवेल हेच उत्तर बरोबर आहे ना, याची खात्री करायचं ठरवलं. एकदा गृहीत धरून रजा गेली होती, त्यामुळे ही सावधगिरी साहजिक होती. तीन ठिकाणी पाहिलं. सारथीवर ४१०२१० टाकलं, पनवेल आलं. परिवहन विभागाच्या transport.maharashtra.gov.in या संकेतस्थळावर कार्यालयांची यादी पाहिली. आणि खारघरमधल्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलच्या चालकाला विचारलं. तो हसून म्हणाला, "खारघर म्हणजे शेहेचाळीस. सगळे आधी त्रेचाळीसला जाऊन येतात."

चौथी खूण त्यांनी स्वतः शोधली होती, सोसायटीच्या पार्किंगमधल्या नंबरप्लेट. तिथे एमएच-४६ होत्या, एमएच-४३ होत्या आणि काही एमएच-०६ सुद्धा. यावरून त्यांचा गोंधळ उलट वाढला. खरं कारण साधं आहे. पनवेलचं वेगळं कार्यालय होण्याआधी इथल्या गाड्या पेणच्या एमएच-०६ मध्ये नोंदवल्या जात. एमएच-४३ वाले बहुतेक वाशी-नेरूळकडून इथे राहायला आलेले. राज्यातल्या राज्यात राहतं ठिकाण बदललं तर गाडीचा नंबर बदलत नाही, त्यामुळे पार्किंगमधले नंबर त्या भागाचा इतिहास सांगतात, आजची हद्द नाही. पाहायच्याच असतील तर गेल्या वर्ष-दोन वर्षांत तिथेच राहून घेतलेल्या नव्या गाड्या पाहाव्यात, आणि तोही अंदाज म्हणूनच.

आपल्या स्कूटरला आता एमएच-४६ नंबर घ्यावा लागेल का, ही गृहस्थांची भीती इथेच दूर झाली. नवा नंबर परराज्यात बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी ठेवली तर घ्यावा लागतो. साताऱ्याहून रायगडला आल्याने फक्त पत्ता बदलतो. लायसन्सचंही तसंच. नूतनीकरण पनवेलला केलं तरी क्रमांकाच्या सुरुवातीला एमएच-११ च राहतं, कारण तो पहिल्यांदा कुठे दिलं गेलं हे सांगतो.

शेवटी तिन्ही कामं पनवेललाच करायची, पण एकदम नाही, हे ठरलं. क्रम लावला तो असा: आधी दोघांचं आधार, मग स्कूटर, मग नवऱ्याचं लायसन्स, आणि शेवटी पत्नीचं लर्निंग. स्कूटर आधी घेण्याचं कारण तिची तीस दिवसांची मुदत. ती आधीच उलटत आली होती आणि उशीर झाला तर दंडाची रक्कम भरावी लागते.

प्रत्यक्ष काय केलं

आधारचा पत्ता नोंदणीकृत भाडेकरार जोडून बदलला. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं बंधनकारक आहे, तरी अनेक ठिकाणी साध्या स्टॅम्पपेपरवर सह्या करून काम भागवतात. यांच्या घरमालकाने करार नोंदवलेला होता, त्यामुळे पुढचं सगळं सरळ गेलं. करार नोंदवलेला नसता तर हे प्रकरण कदाचित इथेच अडकलं असतं.

आधारवर पत्ता कसा लिहायचा यावर थोडा विचार केला. "खारघर, नवी मुंबई" एवढंच न लिहिता तालुका पनवेल, जिल्हा रायगड आणि पिनकोड हे तिन्ही आले पाहिजेत, असा मी आग्रह धरला. आधारच्या अर्जात पिनकोड टाकल्यावर जिल्हा रायगड आला. पुढे आरटीओच्या खिडकीवर कागद पाहणाऱ्याला हाच शब्द शोधायचा असतो.

स्कूटरचा अर्ज 'वाहन' या सरकारी संकेतस्थळावरून भरला. तिथे गाडीचा नंबर आणि चेसिस क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे द्यावे लागतात आणि नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. एक खोच मात्र निघाली. आरसीवर बँकेचा बोजा अजून दाखवलेला होता, कर्ज कधीच फिटलेलं असूनही. नमुना ३३ मध्ये कर्ज देणाऱ्या संस्थेच्या संमतीसाठी जागा असते, त्यामुळे बोजा तसाच ठेवला तर बँकेची सही लागणार. त्यांनी बँकेकडून कर्ज फिटल्याचं पत्र आणि नमुना ३५ घेऊन बोजा उतरवण्याचा अर्जही सोबतच केला. बँकेचं पत्र मिळवण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला, आरटीओत नव्हे.

साताऱ्याच्या कार्यालयात जाण्याची गरज पडली नाही. कलम ४९ मध्येच तशी सोय आहे: दुसऱ्या कार्यालयाने नवा पत्ता नोंदवला की मूळ नोंदणी करणाऱ्या कार्यालयाला ते त्यानेच कळवायचं. ना-हरकत प्रमाणपत्राची कायद्यातली सक्ती आहे ती गाडी परराज्यात नेताना. तरी ऑनलाइन अर्जात आपल्या गाडीपुढे जी कागदपत्रं मागितलेली दिसतात, ती यादी छापून घेऊन त्याप्रमाणे फाइल लावणं चांगलं. त्यांनी तसंच केलं.

लायसन्सच्या अर्जात नूतनीकरण आणि पत्ताबदल या दोन्ही सेवा एकत्र निवडल्या. वय चाळीसच्या पुढे असल्यामुळे नमुना १-अ, म्हणजे डॉक्टरचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागलं. इथे एक निर्णय थोडा वादाचा झाला. फक्त नूतनीकरण करून पत्ता नंतर बदलू, असं ते म्हणत होते, कारण बदलीची नोकरी, उद्या पुन्हा कुठे जायचं कोणास ठाऊक. पण नूतनीकरण झालेलं कार्ड जुन्या पत्त्यावर, साताऱ्याला गेलं असतं. तिथे म्हातारे आईवडील, दुपारी दार वाजलं तर उघडतीलच असं नाही. दोन्ही एकत्र करायचं ठरलं.

पत्नीचं लर्निंग सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सोपं झालं. आधारवर नवा पत्ता आल्यावर अर्जात तोच उमटला, पनवेल कार्यालय निवडलं आणि परीक्षा घरूनच दिली.

निष्पत्ती

आरसी आणि लायसन्स दोन्ही खारघरच्या पत्त्यावर टपालाने आली. पत्नीने महिनाभर सराव करून पनवेल आरटीओच्या चाचणीला वेळ घेतली. ज्या रस्त्यांवर सराव केला तिथून जवळच चाचणी देता आली, याचा त्यांना फायदा झाला असं त्या सांगतात. वाया गेली ती पहिल्या फेरीची अर्धी रजा आणि आधार बदलून येण्याची वाट पाहण्यातला वेळ. स्कूटरच्या पत्ताबदलाला तीस दिवसांपेक्षा उशीर झालाच, पण दंड मोठा नव्हता.

काय वेगळं करता आलं असतं

घर ठरवताना करारातलं मालमत्तेचं वर्णन वाचलं असतं तर नवी मुंबईच्या कार्यालयाची फेरी टळली असती. मौजे, तालुका, जिल्हा ही ओळ करारात असतेच, आणि आरटीओ शोधायला त्याहून चांगला कागद भाडेकरूकडे दुसरा नसतो. फ्लॅट स्वतःचा असेल तर खरेदीच्या नोंदणीचा उतारा असलेल्या इंडेक्स-२ वर किंवा महापालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलावर हेच सापडतं.

आधारचा पत्ता घर बदलल्याबरोबर पहिल्या आठवड्यातच बदलायला दिला असता तर स्कूटरची मुदतही पाळता आली असती. इथे मात्र माझं मत त्यांच्यापेक्षा वेगळं आहे. गृहस्थांना वाटतं, आधारसाठी थांबायलाच नको होतं, भाडेकरारावर स्कूटरचा अर्ज लगेच करायला हवा होता. ते चुकीचं नाही, पण त्यांच्या कागदांवर तेव्हा दोन पत्ते होते, करारावर एक आणि आधारवर दुसरा. असे दोन पत्ते समोर आले की खिडकीवर प्रश्न सुरू होतात. मला थांबणं बरं वाटलं.

नवी गाडी घेणाऱ्यांचा प्रश्न या प्रकरणात आला नाही. तिथे अर्ज डीलरच करतो आणि दुरुस्तीनंतर कायद्याने राज्यातल्या कोणत्याही कार्यालयात नोंदणीला वाव आहे. पण डीलरला पत्ता देताना ज्या कागदावर तालुका आणि पिनकोड बरोबर आहे तोच द्यावा. शोरूम वाशीत आहे म्हणून गाडी वाशीलाच नोंदवली जाते, ही समजूत मी वारंवार ऐकतो.

एक गोष्ट अजून शिल्लक आहे. यांचा करार अकरा महिन्यांचा आहे आणि मालकाने पुढच्या वेळी भाडं वाढवलं तर बेलापूरला जायचा विचार चालू आहे. तसं झालं तर स्कूटरसाठी पुन्हा कलम ४९ लागू होईल आणि या वेळी कार्यालय खरोखरच नवी मुंबईचं असेल. लायसन्सवरचा पत्ता मात्र ते तेव्हा लगेच बदलणार नाहीत, कारण पुढचं कार्ड टपालाने यायला अजून बरीच वर्षं आहेत. नव्या घराचा करार हातात आला की तालुक्याची ओळ मला वाचून दाखवायची, एवढं आमच्यात ठरलं आहे.